बाबा अंथरुणाला खिळलेत, हयातीची तारीख पुढे ढकलण्यासाठी पत्र कसं लिहावं?

काळीमाती · ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, जरा घाईचं काम आहे.

माझे बाबा ८२ वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून २००१ साली वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. पेन्शन राज्य शासनाची, कोषागारातून येते आणि तालुक्याच्या गावी एका सरकारी बँकेत जमा होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोरीत पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून आडवेच आहेत. कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, पाठीला जखम झाली आहे, लघवीची नळी आहे. गावी दादा-वहिनी त्यांचं सगळं करतात. मी पुण्यात असतो, शनिवार-रविवार जातो.

दरवर्षी बाबा स्वतः एसटीने जाऊन बँकेतल्या यादीवर सही करून यायचे. यंदा ते शक्य नाही. दादा दोनदा शाखेत जाऊन आला. पहिल्यांदा सांगितलं, माणूस आणावाच लागेल. दुसऱ्यांदा सांगितलं, रिक्षात बसवून दारापर्यंत आणा, आम्ही बाहेर येऊन बघतो. घर ते बँक १४ किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता खणून ठेवलेला.

म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. मसुदा असा आहे:

> मा. कोषागार अधिकारी यांस,
> विषय : वार्षिक हयात पडताळणीची तारीख पुढे ढकलण्याबाबत.
> महोदय, माझे वडील अत्यवस्थ असून अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना कोणतीही गोष्ट करता येत नाही व समजत नाही. तरी त्यांच्या हयातीच्या पडताळणीची तारीख फेब्रुवारीअखेरपर्यंत पुढे ढकलावी व तोपर्यंत निवृत्तीवेतन चालू ठेवावे, ही नम्र विनंती.
> आपला विश्वासू,
> (माझं नाव)

एवढं पुरेल का? सोबत ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडतोय.

---

तुरटी · ४ नोव्हेंबर

रिक्षात बसवून आणा हा सल्ला आमच्याकडेही मिळाला होता. आम्ही आणलं. साहेब जेवायला गेले होते.

---

सदाफुली · ४ नोव्हेंबर

अहो, एवढं टेन्शन कशाला घेताय? नोव्हेंबरची अट कधीच गेली. आता वर्षातून कधीही दाखला द्या, दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. माझ्या सासऱ्यांचा आम्ही दरवर्षी मार्चमध्ये देतो, अजून एकदाही पेन्शन थांबलेली नाही. फेब्रुवारीत बरं वाटलं की घेऊन जा. पत्राचीसुद्धा गरज नाही.

---

जमाखर्च · ५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

सदाफुलीताई, तुमचे सासरे कारखान्यातून किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेत का? म्हणजे पीएफवाली पेन्शन, ईपीएस ९५? तिथे तुम्ही म्हणता तसंच आहे, दिल्या दिवसापासून १२ महिने. पण काळीमाती यांचे वडील राज्य शासनाचे निवृत्तीवेतनधारक आहेत, त्यांचं खातं वेगळं. तिथे १ ते ३० नोव्हेंबर. त्यात हयात नोंदली गेली नाही तर डिसेंबरपासूनचं निवृत्तीवेतन थांबतं. तुमच्यावर विसंबून ते फेब्रुवारीपर्यंत बसले तर घरातले औषधांचे पैसे अडकतील.

आता पत्राबद्दल. माझी २६ वर्षं कोषागारात गेली, त्यातली ९ निवृत्तीवेतन शाखेत. तुमच्यासारखी पत्रं मी शेकड्यांनी वाचली आहेत. काळीमाती, राग मानू नका, पण या मसुद्यात तीन चुका आहेत आणि तिसरी चूक तुमच्या वडिलांना महागात पडेल.

पहिली. तुम्ही तारीख पुढे ढकला म्हणता. ती ढकलायचा अधिकार टेबलावरच्या माणसाला नाही. डिसेंबरचं देयक निघतं तेव्हा ज्यांच्या नावापुढे हयातीची नोंद नाही ती नावं थांबतात. तुमचं पत्र वाचून कुणाला कितीही कळवळा आला तरी त्या कळवळ्याला देयकात रकाना नाही. मग पत्राचं काय होतं? ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारून ते फाइलला लागतं. म्हणून तारीख मागू नका, माणूस मागा. ‘घरी येऊन पडताळणी करावी’ एवढं एकच मागणं ठेवा.

दुसरी. पत्र फक्त कोषागाराला लिहिलंय. हयातीची यादी बँकेत जाते. तुमचे वडील जिथे सही करत होते ती तीच यादी. नावापुढे सही किंवा अंगठा घेऊन बँकेचा अधिकारी साक्षांकित करतो आणि यादी कोषागारात परत येते. म्हणजे वडिलांकडे यायचं आहे ते बँकेच्या अधिकाऱ्याने. पत्र शाखा व्यवस्थापकाच्या नावाने, प्रत कोषागार अधिकारी, निवृत्तीवेतन शाखा.

तिसरी. ‘त्यांना समजत नाही’ हे वाक्य आधी खोडा. खरंच समजत नाही का? की तुम्ही कळवळून लिहिलंत?

---

काळीमाती · ५ नोव्हेंबर

समजतं की! ऐकायला थोडं कमी येतं, एवढंच. काल भावाला विचारत होते की महागाई भत्त्याचा फरक जमा झाला का.

पत्र जरा वजनदार व्हावं म्हणून तसं लिहिलं होतं.

---

जमाखर्च · ५ नोव्हेंबर

ज्याला महागाई भत्त्याचा फरक आठवतो तो माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, हे कुठलाही कोषागार अधिकारी लेखी देईल. :)

थट्टा बाजूला. ‘समजत नाही’ असं मुलाने सहीनिशी लिहून दिलं की बँकेला प्रश्न पडतो, मग या खात्यातून पैसे कोण काढतंय? हयात राहते बाजूला आणि खात्याचे व्यवहार थांबतात. मग पालक नेमून आणा, कोर्टाचा कागद आणा असं सुरू होतं. एका बाईंनी सासूबाईंबद्दल ‘विस्मरणाने ग्रस्त’ असं लिहिलं होतं. सासूबाई फक्त चष्मा विसरायच्या. सहा महिने लागले ते एक वाक्य निस्तरायला.

जे खरं आहे तेच लिहा. चालता येत नाही, बसता येत नाही, शुद्धीवर आहेत, विचारलेलं समजतं, अंगठा देऊ शकतात. पत्रावर सही शक्यतो वडिलांची, नाहीतर अंगठा. पेन्शन त्यांची आहे. तुम्ही फक्त पत्र पोचवणारे.

---

घडवंची · ५ नोव्हेंबर

आमच्या आत्याला हयातीचा दाखला तलाठ्याकडून मिळाला होता, तहसीलला दिला. तुम्ही बँकेत कशाला जाताय? तलाठी घरी येऊन जातो. फक्त आत्याचे पैसे दोन महिने आले नाहीत, ते कुठे विचारायचं?

---

जमाखर्च · ५ नोव्हेंबर

घडवंची, आत्याबाईंना संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत असतील. ते अनुदान आहे, त्याचा कारभार तहसीलमध्ये चालतो. या धाग्याशी त्याचा संबंध नाही. पैसे थांबले असतील तर तहसीलच्या त्याच शाखेत पासबुक घेऊन जा आणि आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते आधी बघा.

---

पेठकर · ५ नोव्हेंबर

इतकी चर्चा कशाला? कुठल्या जमान्यात आहात? मोबाइलवर चेहरा दाखवून पाच मिनिटांत जीवन प्रमाण होतं. २०२१ पासून सोय आहे. ना बँक, ना कोषागार, ना पत्र. मी वडिलांचं गॅलरीत चहा पिताना केलं.

---

उंबरठा · ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पेठकर, गॅलरीत चहा पिणारे वडील आणि पाठीला जखम असलेले वडील यात फरक आहे हो.

मी हे गेल्या वर्षी आईसाठी केलं. ती पक्षाघाताने आडवी, नाकात अन्ननळी. झालं शेवटी, पण पाच मिनिटांत नाही, चार दिवसांत. काळीमाती, तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

फोनवर दोन अॅप लागतात. एक आधारचं चेहरा ओळखणारं, `AadhaarFaceRD`, आणि दुसरं जीवन प्रमाणचं. सुरुवातीला अॅप आईचा चेहरा मागतच नाही, आपला मागतं. जो फोन धरणार त्याने आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकून, ओटीपी देऊन स्वतःचा चेहरा दाखवायचा. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी आईसमोर फोन धरून बसले आणि अॅप म्हणतंय चेहरा जुळत नाही. कसा जुळणार? आधार क्रमांक माझा टाकलेला होता.

पुढची अडचण डोळे मिचकावण्याची. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे हे ओळखायला अॅप डोळ्यांची उघडझाप बघतं. आईचा एक डोळा अर्धाच मिटतो. शिवाय आडव्या माणसावर वरून फोन धरला की मागे उशी, वर ट्यूबलाइट आणि तोंडावर माझीच सावली. वीसेक वेळा फसलं. आई म्हणाली, आता पुरे, मी मेले असं लिहून टाक.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला जमलं. पलंगाचं डोकं वर करून तिला अर्धवट बसतं केलं, पाठीमागे पांढरी चादर लावली, खिडकी तिच्या समोर येईल असा पलंग फिरवला. नर्सबाईंनी नळीची चिकटपट्टी गालावरून काढून कानामागे लावली, म्हणजे चेहरा मोकळा झाला. मी “आई, डोळे मीट, उघड” असं म्हणत राहिले. तिसऱ्या वेळी हिरवं वर्तुळ आलं.

काळीमाती, तुमच्या बाबांना जखमेमुळे अर्धवट बसतं करता येईल का, ते आधी डॉक्टरांना विचारा. कुशीवर असलेल्या माणसाचं माझ्या माहितीत कुणाचं झालेलं नाही.

---

पेठकर · ६ नोव्हेंबर

ठीक आहे, मान्य. पण झालं ना शेवटी?

---

उंबरठा · ६ नोव्हेंबर

चेहरा जुळला, प्रमाण आयडीचा एसएमएस आला, मी पेढे वाटले आणि डिसेंबरची पेन्शन थांबली!

झालं असं की माहिती भरताना पेन्शन वाटणारी संस्था कोणती, असं विचारतात. पैसे बँकेत येतात म्हणून मी बँकेचं नाव निवडलं. पण आईची पेन्शन कोषागार देतं, बँक नुसती जमा करून घेते. दाखला तयार झाला, पण गेला भलत्याच दारात. जानेवारीत कोषागारात गेल्यावर कळलं की त्यांच्याकडे काही आलेलंच नाही. दुसऱ्यांदा केलं तेव्हा कोषागार निवडलं, पीपीओ क्रमांक आईच्या पुस्तकातून अंक न् अंक जुळवून घेतला. पेन्शन फरकासह आली.

तेव्हा प्रमाण आयडी मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो फक्त दाखला तयार झाल्याचा पुरावा. पलीकडे स्वीकारला की नाकारला ते जीवन प्रमाणच्या साइटवर चार-पाच दिवसांनी पुन्हा बघायचं.

---

मुळामुठा · ६ नोव्हेंबर

पोस्टमनला बोलवा की. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे घरी येऊन करतात, आम्ही ७० रुपये दिले. बोटाचं यंत्र आणि फोन दोन्ही घेऊन येतात. आमच्या पोस्टमनकाकांनी बाबांचं केलं आणि जाताना आईच्या हातचे दोन बेसनलाडू खाऊन गेले.

---

तुरटी · ६ नोव्हेंबर

७० रुपये अधिक दोन लाडू. जीएसटी धरून?

---

मुळामुठा · ६ नोव्हेंबर

लाडू करमुक्त.

---

भाकरतुकडा · ६ नोव्हेंबर

मला हे पटत नाही. आयुष्यभर सरकारची नोकरी केलेल्या माणसाने आजारपणात स्वतःच जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा आणि त्यासाठी पैसेही भरायचे? बँकेनेच फुकट घरी यायला हवं. ७० वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. तक्रार करा, लोकपालाकडे जा. पत्र नम्र कशाला? कडक लिहा.

---

जमाखर्च · ६ नोव्हेंबर

भाकरतुकडा, घरपोच सेवेचं बरोबर बोललात. पण रिझर्व्ह बँकेने ती फुकट द्या असं म्हटलेलं नाही, शुल्क बँकेच्या धोरणावर सोडलंय. आणि कडक पत्राचा माझा अनुभव सांगतो. ते वाचणारा माणूस आधी उत्तर कसं द्यायचं हे ठरवतो, काम नंतर. नोव्हेंबरचे पंचवीस दिवस हातात असताना तक्रार नको. तक्रार डिसेंबरसाठी ठेवा.

बोटाच्या यंत्राबद्दल मात्र सावध राहा. ८२ वर्षांच्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, महिनाभर अंथरुणावर असल्यावर बोटं कोरडी आणि सुरकुतलेली. अर्ध्या लोकांचं यंत्र घेत नाही. ओलसर फडक्याने पुसून दहाही बोटं करून बघायची, एखादं लागतं. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवलं असेल तर एकही लागणार नाही, तेही बघा.

म्हणून मी म्हणतो, कागदाचा मार्ग उघडा ठेवा. शाईच्या अंगठ्याला नेटवर्क लागत नाही.

---

काळीमाती · ६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. उंबरठा, तुमचं वाचून पलंगाचं डोकं वर करता येईल का हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले ३० अंशांपेक्षा जास्त नको, जखमेवर घसट बसते. म्हणजे चेहऱ्याचं अवघड दिसतंय. पोस्टमनला विचारलं, तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. पण मी पत्राला चिकटून आहे.

बाबा सही करू शकत नाहीत, हात थरथरतो. अंगठा चालेल का? आणि अंगठाही नीट उमटला नाही तर?

---

जमाखर्च · ७ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

अंगठा चालतो. दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हाताचा अंगठा उमटत नसेल तर पायाचाही चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत आजारी खातेदारांच्या पैसे काढण्याबद्दल हे स्पष्ट लिहिलंय आणि हयातीलाही बँका तीच पद्धत वापरतात. पायाच्या अंगठ्याचं ऐकून शाखेतले नवीन पोरं हसतात. हसू द्या.

पत्रात अंगठ्याखाली ‘नि. डा. अं.’ आणि नाव लिहायला विसरू नका. नुसता काळा ठिपका बघून तो कुणाचा हे कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या सर्टिफिकेटची. खासगी डॉक्टरांनी दिलेलं सर्टिफिकेट आजाराचा पुरावा आहे, हयातीचा नाही. ही गल्लत सगळे करतात. ते जोडलं म्हणून पेन्शन सुटत नाही, माणूस घरी का यावा एवढंच त्यातून कळतं. पण तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी राजपत्रित असतील आणि त्यांनी घरी येऊन हयातीच्या नमुन्यावरच सही-शिक्का दिला, तर तो थेट दाखलाच. आमच्या शाखेत आम्ही तो घेत होतो. तुमच्या कोषागारातून तो नमुना आधी मागून घ्या आणि त्यावरच घ्या. डॉक्टरांच्या लेटरहेडवर घेतलेलं परत येतं.

---

दर्यापार · ७ नोव्हेंबर

मी न्यू जर्सीत असतो, आई नाशिकला. आमचं उलट. आई इथे असताना नोव्हेंबर उजाडला तेव्हा वकिलातीत जाऊन दाखला घेतला होता. तिथल्या अधिकाऱ्याने आईला विचारलं, तुमचं नाव काय? आई म्हणाली, पासपोर्टवर आहे, वाचता येत नाही का? शिक्षिका होती ती.

जमाखर्च यांना एक विचारतो. मुलाला संयुक्त खातेदार करून ठेवलं तर ही कटकट कमी होते का?

---

जमाखर्च · ७ नोव्हेंबर

नाही. हयात माणसाची असते, खात्याची नाही. शिवाय पेन्शनचं खातं पती-पत्नीचं संयुक्त चालतं, मुलाचं नाव घालायला गेलात तर बहुतेक शाखा नको म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. वडील गेल्यावर मुलगा वर्षभर पेन्शन काढत राहिला अशी प्रकरणं मी स्वतः वसुलीला लावली आहेत. ही सगळी नोव्हेंबरची यातायात त्या चार मुलांमुळे आहे, आणि तिचा जाच होतो तो तुमच्यासारख्यांना.

---

काळीमाती · ७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नवा मसुदा. बघा बरं.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा)
> प्रत : मा. कोषागार अधिकारी, निवृत्तीवेतन शाखा, (जिल्हा)
>
> विषय : निवृत्तीवेतनधारक अंथरुणाला खिळलेले असल्याने हयातीची पडताळणी राहत्या घरी करणेबाबत.
>
> महोदय,
> मी (बाबांचं नाव), वय ८२, पीपीओ क्र. ____, बचत खाते क्र. ____. मी आपल्या शाखेतून राज्य शासनाचे निवृत्तीवेतन घेतो. दरवर्षी मी स्वतः शाखेत येऊन हयातीच्या यादीवर सही करत आलो आहे.
> यंदा ३ ऑक्टोबर रोजी पडून खुब्याचे हाड मोडल्याने माझी शस्त्रक्रिया झाली आहे. मला बसता व चालता येत नाही. मी शुद्धीवर आहे, विचारलेले मला समजते, मात्र हात थरथरत असल्याने सही करता येत नाही. अंगठा देऊ शकतो.
> तरी आपल्या अधिकाऱ्यांनी ३० नोव्हेंबरपूर्वी सोयीच्या कोणत्याही दिवशी माझ्या घरी येऊन यादीवर माझा अंगठा घ्यावा, ही विनंती. येण्याचा दिवस माझ्या मुलाच्या पुढील क्रमांकावर कळवावा, वाहनाची व्यवस्था आम्ही करू. काही शुल्क असल्यास ते माझ्या खात्यातून वजा करावे.
> या कालावधीत येणे शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून नमुन्यात दाखला घेऊन वेळेत सादर करता येईल.
>
> आपला,
> (नि. डा. अं.) बाबांचं नाव
> पत्र आणून देणार : मुलगा, नाव, आधार क्र. चे शेवटचे चार अंक, मोबाइल
> सोबत : पीपीओची प्रत, आधारची प्रत, पासबुकाचे पहिले पान, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड

---

जमाखर्च · ८ नोव्हेंबर

उत्तम. ‘शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे’ हे सगळ्यात चांगलं वाक्य. ‘येणार नाही’ असं लेखी द्यायला कुणाला आवडत नाही, त्यापेक्षा ते येतात.

दोन बारीक गोष्टी. वाहनाचं लिहिलंत ते राहू द्या, नोव्हेंबरात शाखेत माणसं कमी असतात आणि १४ किलोमीटरला कोण जाणार हाच खरा अडसर असतो. आणि पत्र दोन प्रतींत न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी आणा. नुसतं टेबलावर ठेवून आलात तर ते पत्र कधी आलंच नव्हतं असं समजा.

---

सदाफुली · ८ नोव्हेंबर

जमाखर्च काका, सासरे साखर कारखान्यातच होते. तुम्ही न बघता ओळखलंत. मी उगाच इथे गोंधळ घातला, सॉरी.

---

भाकरतुकडा · ८ नोव्हेंबर

पत्र चांगलं आहे, पण ‘शुल्क खात्यातून वजा करावे’ हे माझ्या तत्त्वात बसत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

---

काळीमाती · २३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

झालेलं सांगतो.

१० तारखेला पत्र दिलं. आवकचा शिक्का मिळाला, पण आधी “शिक्का साहेबांच्या कपाटात आहे” असं ऐकावं लागलं. दादा म्हणाला, साहेब येईपर्यंत बसतो. बसला. पाऊण तासाने मिळाला. कोषागाराची प्रत रजिस्टर टपालाने पाठवली.

मधे पोस्टमन येऊन गेला. दहा बोटांपैकी एकही लागलं नाही. चेहरा दोनदा घ्यायचा प्रयत्न केला, बाबांना धाप लागली म्हणून थांबलो. त्याने पैसे घेतले नाहीत.

१७ पर्यंत बँकेचा फोन नाही. दादा गेला, तर म्हणे अधिकारी रजेवर. २० तारखेला पुन्हा गेला, पत्राची शिक्क्याची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाला, यायला जमत नसेल तर याच्या मागे तेवढं लिहून द्या, आम्ही डॉक्टरांकडे जातो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी दुपारी, दोघं आले. एक तरुण मुलगी, शाखेतली अधिकारी, आणि एक शिपाई. आमच्याच गाडीतून. यादीचं ते एकच पान प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून आणलं होतं.

तिने बाबांना नाव विचारलं. बाबांनी नाव सांगितलं आणि पुढे, कुणी न विचारता, “वरिष्ठ लिपिक, उपविभाग क्रमांक दोन.” मग पान बघायला मागितलं. चष्मा लावून आपली ओळ शोधली आणि म्हणाले, पीपीओ बरोबर आहे, पण नावात काना राहिलाय. तिने तिथेच पेन्सिलने खूण केली. अंगठा घेताना तिला हाताचा कोन जमेना, तर बाबांनी मनगट सैल सोडलं आणि म्हणाले, तू फिरव, मी दाबतो, आम्ही मजुरांचे हजारो घेतलेत. पहिला ठसा पसरला. दुसरा चांगला आला. शेजारचे गुरुजी साक्षीदार म्हणून थांबले होते, त्यांनी सही केली, मग तिने.

शाई दोन दिवस निघाली नाही. वहिनीने खोबरेल लावून काढली.

---

उंबरठा · २३ नोव्हेंबर

“तू फिरव, मी दाबतो.” बाबांना नमस्कार सांगा.

---

जमाखर्च · २४ नोव्हेंबर

छान झालं. पण अजून निर्धास्त होऊ नका. यादी बँकेतून कोषागारात पोचली का, हे १ डिसेंबरनंतर निवृत्तीवेतन शाखेत फोन करून विचारा. अंगठा झाला आणि पान बँकेच्या ड्रॉवरमध्येच राहिलं, असं दरवर्षी दोन-चार जणांचं होतं. आणि तो राहिलेला काना. पेन्सिलची खूण कोषागारात कुणी वाचत नाही. नावदुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या, पण हयातीबरोबर मिसळू नका, नाहीतर दोन्ही अडकतील.

---

दर्यापार · २४ नोव्हेंबर

पुढच्या वर्षीही असंच करायचं का? केंद्राच्या ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो असं ऐकलंय. राज्याला ते आहे का?

---

जमाखर्च · २४ नोव्हेंबर

केंद्राचं बरोबर ऐकलंत. राज्याचं मी निवृत्त झाल्यानंतर काय बदललं ते तुमच्या कोषागारातच विचारा, मी अंदाजाने सांगणार नाही.

---

काळीमाती · ४ जानेवारी

डिसेंबरची पेन्शन आली, थांबली नाही. फोन केला होता, यादी पोचली होती.

नावदुरुस्तीच्या अर्जाला उत्तर आलंय. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत मागितली आहे. बाबा म्हणतात, ते पान १९६८ साली त्यांनी स्वतःच लिहिलं होतं आणि त्यात काना आहे. आता उपविभाग क्रमांक दोन कुठे हलवलाय हे कुणाला माहीत आहे का?

---

घडवंची · ५ जानेवारी

आत्याचे पैसे आले. आधार जोडलेलं नव्हतं.